ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

आपल्या वस्तीत सरकारी पोर्टलवरचं खातं बहुतेक वेळा आपण स्वतः उघडत नाही. कधी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेवाल्याने उघडलेलं असतं, कधी टॅक्सचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाने, तर कधी शिष्यवृत्तीच्या शिबिरात बसलेल्या एखाद्या कार्यकर्त्याने. अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ई-मेलचा रकाना येतो. समोरचा माणूस घाईत असतो आणि ओटीपीसाठी पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. त्या दिवशी काम होतं. अडचण येते दोन-तीन वर्षांनी, जेव्हा पोर्टल सांगतं की ओटीपी पाठवला आहे आणि तो आपल्याकडे येतच नाही.

अशा वेळी खातं परत कसं मिळवायचं, हे या लेखात प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलच्या उदाहरणावरून पाहू. हे पोर्टल निवडण्याचं कारण असं की पहिली नोकरी लागली किंवा कुठे मानधनावर काम सुरू झालं, की त्याच्याशी गाठ पडतेच. शिवाय तिथे अडकतात ते आपलेच पैसे.

समजा, मालेगावातली एक मुलगी एका खासगी क्लासमध्ये शिकवते. तिला महिना वीस हजार मानधन ठरलंय. क्लास दर महिन्याला त्यातले दहा टक्के, म्हणजे दोन हजार रुपये, टीडीएस म्हणून कापून सरकारकडे भरतो. वर्षाचे चोवीस हजार झाले. तिचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे, त्यामुळे ही सगळी रक्कम तिला परत मिळायला हवी. पण ती आपोआप मिळत नाही, त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. खातं तीन वर्षांपूर्वी एका एजंटाने उघडून दिलं होतं. पासवर्ड तिला आठवत नाही. नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल दोन्ही एजंटाचे आहेत, आणि त्याचं दुकान आता बंद झालंय. आधारला जोडलेला नंबर अब्बांच्या जुन्या सिमचा आहे, तेही रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलं.

यावर बहुतेकांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे नवीन खातं उघडणं. इथे ते जमत नाही. ई-फायलिंगवर यूजर आयडी म्हणजे तुमचा पॅन नंबर, आणि एका पॅनवर एकच खातं असतं. पुन्हा नोंदणी करायला गेलात तर हा पॅन आधीच नोंदलेला आहे एवढंच उत्तर मिळतं. त्यावर उपाय म्हणून कुणी दुसरं पॅन कार्ड काढायचा सल्ला दिला तर ऐकू नका. एका व्यक्तीकडे दोन पॅन असणं हा कायद्याने दंडाचा विषय आहे.

मग लॉगिनच्या पानावर पॅन टाकून पुढे गेल्यावर दिसणाऱ्या "Forgot Password" वर यायचं. तिथे पासवर्ड बदलण्याचे वेगवेगळे मार्ग दिसतात. त्यातल्या दोन मार्गांमध्ये लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. एक आहे ई-फायलिंग ओटीपीचा. हा ओटीपी पोर्टलच्या स्वतःच्या नोंदीत असलेल्या नंबरावर आणि ई-मेलवर जातो, म्हणजे आपल्या उदाहरणात एजंटाकडे. दुसरा आहे आधार ओटीपीचा. तो आधारच्या नोंदीत असलेल्या नंबरावर जातो, म्हणजे अब्बांच्या जुन्या सिमवर. या दोन नोंदी दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. "मी तर बँकेत नंबर बदलून घेतला होता, तरी ओटीपी जुन्यावरच जातो" ही तक्रार याच गैरसमजातून येते. म्हणून ओटीपी येत नसेल तर तेच बटण दहा वेळा दाबण्यापेक्षा आधी एक प्रश्न विचारायचा: हा ओटीपी नक्की कुणाच्या नोंदीतल्या, कुठल्या नंबरावर चाललाय?

आधारपुरतं याचं उत्तर घरबसल्या मिळतं. myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर "Check Aadhaar Validity" अशी सोय आहे. तिथे लॉगिन करावं लागत नाही, त्यामुळे ओटीपीही लागत नाही. आधार क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं टाकली की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइल नंबराचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तीन आकडे पाहून घरात कुणाचा तरी जुना नंबर आठवतो. तिथेच "Verify Email/Mobile" ही दुसरी सोय आहे. एखादा नंबर आपल्या आधारला जोडलेला आहे की नाही, हे तिथे ताडून पाहता येतं.

नंबर कळला, पुढे काय? आधी त्या नंबरावर फोन लावून पाहा. फोन आपल्याच घरच्या माणसाच्या नावावर आहे, फक्त सिम हरवलंय किंवा खराब झालंय, असं असेल तर ज्याच्या नावावर सिम आहे त्या व्यक्तीने स्वतः ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं आणि डुप्लिकेट सिम घ्यायचं. इथे एक गोष्ट ठाऊक नसली की माणूस हैराण होतो. नवं सिम सुरू झालं, फोन लागतो, येतो, पण ओटीपी येत नाही. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्या नंबरावरचे एसएमएस बंद ठेवावेत असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कुणी फसवून तुमच्या नावाचं सिम काढलं तर तुम्हाला सावध व्हायला एक दिवस मिळावा हा त्यामागचा हेतू. तेव्हा सिम घेतल्या दिवशी पोर्टलशी झगडू नका, दुसऱ्या दिवशी करा.

पण फोन कुणी अनोळखी माणसाने उचलला, तर तो नंबर कायमचा गेला असं समजा. बंद पडलेला नंबर किमान 90 दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला देता येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हेच 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. याचा दुसरा अर्थ जास्त काळजीचा आहे. तुमचे ओटीपी आता त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. त्याला फोन करून "जरा ओटीपी सांगता का" म्हणण्याचा मोह होतो. तसं करू नका. तो भला असेल तर फसवणूक समजून नकार देईल, आणि भला नसेल तर तुमचं खातं कुठलं, आधार कुणाचं, हे तुम्हीच त्याला सांगून बसाल.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचे असे दोन्ही नंबर गेलेत. तरी तिचा रस्ता बंद नाही, आणि या सगळ्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. आधारचा मोबाइल नंबर बदलायला जुना नंबर लागत नाही. आधारकडे तिच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आहे. म्हणून ती स्वतः आधार केंद्रावर गेली की तीच ती आहे हे तिथे सिद्ध होतं. बँकांमध्ये, पोस्टात किंवा आधार सेवा केंद्रात ही सोय असते. नेहमीच्या सेतू किंवा सायबर कॅफेत आधारचं अपडेट होतंच असं नाही, आधी विचारून घ्या. मोबाइल बदलायला कोणतंही कागदपत्र लागत नाही. आधार क्रमांक सांगायचा, नवा नंबर सांगायचा, बोट लावायचं. ऑक्टोबर 2025 पासून अशा बदलाची फी 75 रुपये आहे. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा. ज्या घरात बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्यांना केंद्रापर्यंत जाणं जमत नाही, त्यांनी जवळच्या पोस्टात चौकशी करावी. पोस्टमनने घरी येऊन मोबाइल नंबर बदलून देण्याची सोय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत 2021 पासून आहे.

केंद्रावर दोन गोष्टींवर नजर ठेवा. ऑपरेटरच्या पडद्यावर टाकलेला नंबर स्वतः वाचा, कारण एक आकडा चुकला तर पुन्हा सगळी फेरी. आणि मिळालेली पावती जपून ठेवा. तिच्यावरच्या क्रमांकाने अर्ज कुठे पोहोचला ते पाहता येतं. बदल कधी दोन-चार दिवसांत होतो, कधी त्याला आठवडे लागतात. झाला की नाही याची खात्री मघाशी सांगितलेल्या दोन सोयींवरून करायची, पोर्टलवर ओटीपी मागून नव्हे.

आधारचा नंबर बदलला की ती पुन्हा ई-फायलिंगवर येते, आधार ओटीपीचा मार्ग निवडते, ओटीपी तिच्या स्वतःच्या फोनवर येतो आणि नवा पासवर्ड ठेवता येतो. बहुतेक लोक इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि थांबतात. पण काम अर्धंच झालेलं असतं. पासवर्ड बदलल्याने पोर्टलच्या नोंदीतला मोबाइल आणि ई-मेल बदलत नाही. ते अजून एजंटाचेच आहेत. विभागाच्या नोटिसा, परताव्याचे निरोप त्यालाच जात राहतात. इतकंच नाही, तो ई-फायलिंग ओटीपीच्या मार्गाने पुन्हा पासवर्ड बदलू शकतो. म्हणून आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे प्रोफाइलमधल्या संपर्काच्या तपशिलात जाऊन स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाकायचा. नव्या नंबरावर आणि ई-मेलवर आलेला ओटीपी टाकल्यावरच तो बदल पक्का होतो. मग बँक खात्यांची यादी पाहायची. परतावा जातो तो तिथे पडताळलेल्या आणि परताव्यासाठी निवडलेल्या खात्यात. ते खातं आपलं आणि चालू आहे ना, हे बघून घ्यायचं. शेवटी "e-Filing Vault" मध्ये जाऊन पासवर्ड बदलण्यासाठी फक्त आधार ओटीपी किंवा नेट बँकिंगसारखा मार्ग चालेल अशी खूण करून ठेवायची.

आता रिटर्न भरता येतं. ते भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर भरलेलं रिटर्न वेळेत भरलेलं धरलं जात नाही. आधारला स्वतःचा नंबर असल्यामुळे हे दोन मिनिटांचं काम आहे. तरीही ओटीपीने दगा दिलाच तर पोर्टलवरून पोचपावती छापून, तिच्यावर सही करून, ती स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा जुना मार्ग अजून चालू आहे. या सगळ्या धावपळीत रिटर्नची मूळ तारीख हुकली, तर उशिराचं रिटर्न 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं. करपात्र मर्यादेखालच्या उत्पन्नाला त्यावर विलंब शुल्क लागत नाही. म्हणजे जुलैत ओटीपी आला नाही म्हणून चोवीस हजारांवर पाणी सोडायचं कारण नाही.

पण एक अडथळा आपल्या समाजात जास्त दिसतो, त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. आधार ओटीपीचा मार्ग उघडतो तो पॅन आधारला जोडलेलं असेल तरच. आणि जोडणी अडते ती नावावर. पॅनवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहं.' असं लघुरूप, शाळेच्या दाखल्यावर 'महंमद'. इंग्रजीत 'शेख'चीच चार स्पेलिंग आपल्या एकेका घरात सापडतात. लग्नानंतर मुलींच्या नावात नवऱ्याचं नाव येतं, ते एका कागदावर बदलतं आणि दुसऱ्यावर राहून जातं. माणसाला हे एकच नाव वाटतं. यंत्र मात्र अक्षराला अक्षर लावून पाहतं. अशी जोडणी झालेली नसेल तर मोबाइल बदलून उपयोग नाही, आधी नाव एकसारखं करावं लागतं. ते करताना कुठला कागद धरून चालायचं हे घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवा. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र धरणं बहुधा सोयीचं पडतं, कारण पुढचे पुष्कळ कागद त्यावरूनच निघतात. जोडणी नसलेलं पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय धरलं जातं आणि त्यावर परतावा दिला जात नाही, म्हणून हे काम तसंही टाळता येणारं नाही.

नाव दुरुस्त होईपर्यंत खात्यात शिरायचंच असेल तर दुसरा दरवाजा बँकेचा आहे. पॅन जोडलेल्या बँक खात्याचं नेट बँकिंग सुरू असेल, तर अनेक बँकांच्या नेट बँकिंगमधून प्राप्तिकराच्या ई-फायलिंगवर थेट जाता येतं, तिथला पासवर्ड न टाकता. बँकेचाही ओटीपी जुन्या नंबरावर जात असेल तर पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जायचं आणि तिथे नंबर बदलून घ्यायचा. हाही दरवाजा बंद असेल तर हेल्पडेस्क उरतो. त्याचे क्रमांक 1800 103 0025 आणि 1800 419 0025. अशा वेळी सही केलेला विनंती अर्ज, पॅनची प्रत, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा पाठवून पासवर्ड बदलून मागता येतो. हा मार्ग सगळ्यात सावकाश आहे, पण आहे. फक्त एक सांभाळा: हेल्पडेस्कचा नंबर शोधताना इंटरनेटवर सापडलेल्या पहिल्याच नंबरावर फोन करू नका. अडलेल्या माणसाला गाठण्यासाठी तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पत्ता स्वतः टाइप करा, तो gov.in ने संपतो ना ते पाहा. खरा हेल्पडेस्क तुमचा ओटीपी किंवा पासवर्ड कधीही विचारत नाही.

या सगळ्या मार्गांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक मार्ग शेवटी एखाद्या काउंटरवर जाऊन थांबतो, जिथे माणूस स्वतः उभा राहतो: आधार केंद्रावर बोटाने, बँकेत सहीने, सिमच्या दुकानात ओळखपत्राने. हे असंच असायला हवं. ओटीपी एवढंच सांगतो की हे सिम या क्षणी कुणाच्या तरी हातात आहे. तो हात कुणाचा हे त्याला कळत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही मर्यादा पक्की ठाऊक असते, तरी कितीतरी सरकारी पोर्टलं मोबाइल नंबर म्हणजेच माणूस असं धरून बांधलेली आहेत. ई-फायलिंगला निदान चार दरवाजे आहेत. ज्या पोर्टलला एकच दरवाजा आहे, तिथे सिम गेलं की माणूसच नोंदीतून गेल्यासारखा होतो. म्हणून आपली मागणी साधी असावी: लाभ किंवा हक्क देणाऱ्या प्रत्येक पोर्टलवर नोंदवलेला नंबर बदलून मिळण्यासाठी तालुक्याच्या पातळीवर एक काउंटर असावा, तिथे काय कागद लागतील ते पोर्टलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिलेलं असावं, आणि त्या कामाची मुदत ठरलेली असावी.

मागणी करताना आपलंही घर आवरायला हवं. आपल्या मोहल्ल्यांत दर वर्षी शिष्यवृत्तीची, रेशनची, पॅनची शिबिरं भरतात. तिथे एका कार्यकर्त्याच्या नंबरावर वीस-वीस मुलांचे अर्ज भरले जातात. त्यात सेवेची भावना असते हे खरं, पण पुढच्या वर्षी तो कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला जातो आणि वीस घरं अडकतात. ज्या मुलीकडे स्वतःचा फोन नाही, तिच्या अर्जात अम्मीचा किंवा भावाचा नंबर टाका आणि सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारून घ्या. ई-मेल तिच्या नावाने तिथेच उघडून द्या आणि पासवर्ड तिच्याच वहीत तिच्याच हाताने लिहू द्या. कॉलेजचा किंवा कंपनीचा ई-मेल देऊ नका, तिथून बाहेर पडलं की तो बंद होतो. उघडलेला ई-मेलही अधूनमधून वापरात ठेवायला सांगा, कारण दोन वर्षं हात न लावलेलं जीमेल खातं गूगल काढून टाकू शकतं.

या आठवड्यात प्रत्येकाने घरी एक काम करावं. एका कागदावर तीन रकाने आखा: खातं कुठलं, त्यात नंबर कुणाचा, आणि ते सिम कुणाच्या नावावर. आधार, बँक, पॅन, पीएफ, शिष्यवृत्ती, रेशन, जे जे असेल ते लिहून काढा. पहिल्यांदा आधारची ओळ पूर्ण करा, कारण बाकीचे बरेच दरवाजे तिथूनच उघडतात. ज्या ओळीत नंबर परक्याचा निघेल, ती ओळ आजच बदलायला घ्या. जुना नंबर अजून चालू आहे तोवर हे काम घरी बसून होतं. तो बंद पडला की त्याच कामासाठी केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं.